दौऱ्याचे दिवस आणि मध्यरात्रीचा हिशेब

घरातला कर्ता माणूस कचेरीच्या कामाने दौऱ्यावर निघाला की घरात दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे डब्याची तयारी आणि दुसरी म्हणजे परत आल्यावर 'दौऱ्याचे पैसे कधी मिळणार?' हा प्रश्न. पहिल्या गोष्टीत आपल्या घरच्या बायका पटाईत असतात. दुसरीचे उत्तर मात्र बहुधा कोणालाच नीट देता येत नाही. खुद्द दौरा करून आलेल्या माणसालाही नाही. 'बिल टाकलंय, येतील तेव्हा येतील,' एवढ्यावर विषय संपतो.

मी नागपूरच्या एका केंद्र सरकारी कार्यालयात हिशेब विभागात होते. नोकरीची शेवटची बारा-तेरा वर्षे माझ्या टेबलावर एकच काम होते, दौऱ्याची बिले तपासायची. टीए बिल हा त्यांचा प्रचलित शब्द. कोण कुठे गेला, कितीला निघाला, कितीला पोचला, कुठे उतरला, काय खाल्ले, हे सारे त्या लांबट कागदावर रकान्या-रकान्यांत भरलेले असते. परक्या माणसाच्या प्रवासाची इतकी बारीक माहिती वाचायची सवय लागली की माणसे बिलांवरूनच ओळखू येऊ लागतात. निवृत्तीनंतरही ओळखीचे लोक विचारतात, 'मॅडम, माझे पैसे का हो कापले?' म्हणून म्हटले, एकदा सविस्तरच सांगावे. मी सांगते ते केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचे नियम. राज्य सरकारचे आणि खासगी कंपन्यांचे दर निराळे असतात. पण निरनिराळ्या श्रेणींना निरनिराळे दर ही मांडणी बहुतेक ठिकाणी सापडते.

सुरुवातीला एक घोळ मिटवू. कचेरीत 'डीए' हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. पगारात दरमहा मिळतो तो महागाई भत्ता, त्यालाही डीए म्हणतात. आणि दौऱ्यावर असताना दिवसागणिक मिळतो तो दैनिक भत्ता, त्यालाही डीएच म्हणतात. नवीन लागलेल्या मुलांचा यात हमखास गोंधळ होतो. हे दोन डीए परस्परांचे नातेवाईकही आहेत, पण ती गोष्ट पुढे येईल.

आता २००९ सालची एक हकीकत सांगते. ती सांगितल्याशिवाय आजच्या नियमाचे मोल कळायचे नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे सप्टेंबर २००८ पासून, सहाव्या वेतन आयोगाचे नवे दर लागू झाले होते. दौऱ्यावरचा खर्च आता तीन भागांत मिळणार होता: राहण्याचा, शहरातल्या फिरण्याचा आणि जेवणाचा. तिन्हींना श्रेणीप्रमाणे वरची मर्यादा होती. सर्वांत वरच्या अधिकाऱ्याला हॉटेलसाठी दिवसाला पाच हजार आणि जेवणासाठी पाचशे रुपये. सर्वांत खालच्या श्रेणीला हॉटेलसाठी तीनशे आणि जेवणासाठी शंभर रुपये. पण ही नुसती मर्यादा होती. जेवढा खर्च झाला तेवढाच परत मिळणार आणि त्याला बिल हवे. जेवणाचेसुद्धा.

आमच्या कार्यालयात एक वयस्कर शिपाई होते. सगळे त्यांना मामा म्हणत. कागदपत्रांचे गठ्ठे घेऊन ते दोन दिवस मुंबईला जाऊन आले. घरून त्यांनी भाकरी आणि जवसाची चटणी बांधून नेली होती. दोन दिवस तेच खाल्ले. वर गाडीवरचा वडापाव, दोन-चार वेळा चहा. बिलात त्यांनी जेवणाचे रोजचे शंभर रुपये लावले होते. सोबत पावती एकही नव्हती.

मी त्यांना बोलावून विचारले, "मामा, जेवणाची बिलं कुठं आहेत?"

ते म्हणाले, "मॅडम, भाकरीचं बिल कोण देते?"

मला हसू आले. पण बिलावर मी लाल शाईने लिहिले, 'पावत्या नाहीत, रक्कम वगळली.' आमच्या विभागात बिल नाही तर भरपाई नाही, असाच रिवाज होता. नियमाने मी चुकले नव्हते.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एकाचे बिल आले. हे गृहस्थ तीन दिवस दौऱ्यावर होते. जेवणाच्या तीन पावत्या सुबक टाचलेल्या. मर्यादा दीडशेची, तर पावत्या एकशे अठ्ठेचाळीस, एकशे पंचेचाळीस, एकशे एकोणपन्नास. आकडे मर्यादेच्या इतके काठाकाठाने चाललेले पाहिले की तपासणाऱ्याची नजर आपोआप पावतीच्या वरच्या कोपऱ्याकडे जाते. तिथे अनुक्रमांक छापलेला असतो. तीन पावत्यांचे अनुक्रमांक एकापुढे एक होते. तारखा मात्र तीन वेगवेगळ्या. म्हणजे त्या भोजनालयात तीन दिवसांत या गृहस्थांखेरीज दुसरे कोणी जेवलेच नव्हते! अक्षरही तिन्हींवर एकच आणि शाईही एकच. कोरे पावतीपुस्तक कुठून तरी हाती आले होते, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मी तो कागद वरिष्ठांकडे नेला. त्यांनी पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बिल आहे ना? मग करा पास." मी पास केले.

आणि गंमत इथे संपत नाही. चार महिन्यांनी मामा पुन्हा मुंबईला जाऊन आले. या वेळी त्यांच्या बिलाला जेवणाच्या दोन पावत्या होत्या. भोजनालयाचे नाव तेच, अक्षर तेच. मामांनी माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही. मीही मान खाली घालून सही केली. एका खऱ्या माणसाला खोटे शिकवण्याचे काम त्या दोनशे रुपयांनी आणि माझ्या लाल शाईने मिळून केले होते. ती सही मला आजही बोचते.

हे सारे १ जुलै २०१७ पासून बदलले. न्यायमूर्ती अशोक कुमार माथुर यांच्या अध्यक्षतेखालील सातव्या वेतन आयोगाने दौऱ्याच्या भत्त्याची मांडणी नव्याने केली. राहण्याचा खर्च आणि शहरातले फिरणे हे दोन भाग पूर्वीप्रमाणेच भरपाईचे राहिले. जेवणाची भरपाई मात्र रद्द झाली. तिच्या जागी एकरकमी भत्ता आला. किती खाल्ले, कुठे खाल्ले, विचारायचे नाही. बिल मागायचे नाही. रेल्वेत आधीपासून साधारण अशीच पद्धत होती, ती आता सगळीकडे आली.

दौऱ्याच्या दरांत लक्षात ठेवण्यासारखा भेद हाच आहे. हॉटेलची रक्कम ही मर्यादा आहे. तुम्ही कमी खर्च केलात तर कमी मिळेल. जेवणाची रक्कम हा भत्ता आहे. तुम्ही घरची भाकरी खाल्लीत तरी तो पूर्ण तुमचा, आणि उरलेले पैसे घरी आणलेत तर त्यात खोटे काही नाही.

त्या वेळी ठरलेले दर असे होते. नव्या पगाररचनेत लेव्हल १ ते १८ अशा पायऱ्या झाल्या. लेव्हल ५ पर्यंतच्या कर्मचाऱ्याला जेवणासाठी दिवसाला ५०० रुपये, ६ ते ८ ला ८००, ९ ते ११ ला ९००, १२ आणि १३ ला १०००, आणि १४ व त्यावरच्यांना १२००. हॉटेलची मर्यादा याच क्रमाने ४५०, ७५०, २२५०, ४५०० आणि ७५०० रुपये.

हे आकडे जरा निरखून पाहा. २००८ मध्ये सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या माणसाच्या जेवणात पाचपटीचे अंतर होते. २०१७ मध्ये ते अडीच पटीच्याही आत आले. भूक सगळ्यांची सारखीच आणि चहाही सगळ्यांना सारख्याच भावाने मिळतो, हे कोणाच्या तरी ध्यानात आले असावे. पण हॉटेलचे काय? पाच हजार भागिले तीनशे करा, नाहीतर साडेसात हजार भागिले साडेचारशे करा, उत्तर एकच येते: पावणेसतरा पटीच्या जवळपास. ताट जवळ आले, पण खाट होती तिथेच राहिली.

आता प्रत्यक्ष बिल कसे तयार होते ते एका उदाहरणाने पाहू. २०१९ सालच्या हिवाळ्यातला हा दौरा मला नीट आठवतो, कारण एकाच कामाला तीन श्रेणींची तीन माणसे गेली होती आणि तिघांचीही बिले माझ्याच टेबलावर आली.

मुंबईत मंगळवार आणि बुधवार असे दोन दिवस सुनावणी होती. लेव्हल ११ चे एक अधिकारी, लेव्हल ६ चे एक सहायक, आणि कागदांची ट्रंक सांभाळायला लेव्हल १ चा एक तरुण मुलगा, असे तिघे निघाले. लेव्हल १ ची पदे आता 'मल्टी टास्किंग स्टाफ' म्हणून ओळखली जातात. पूर्वी आपण शिपाई म्हणायचो. अधिकाऱ्यांना विमानाच्या साध्या वर्गाचा हक्क. सहायकाला रेल्वेचा दोन-स्तरीय वातानुकूलित डबा आणि त्या मुलाला तीन-स्तरीय. त्यामुळे हे दोघे सोमवारी रात्री ८.४० च्या गाडीने निघाले, मंगळवारी सकाळी मुंबईत उतरले, एक रात्र लॉजवर राहिले, बुधवारी रात्री परतीची गाडी धरली आणि गुरुवारी सकाळी ७.२० ला नागपुरात आले.

त्या मुलाने बिल भरून आणले. जेवणाच्या रकान्यात लिहिले होते: सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, चार दिवस, प्रत्येकी पाचशे, एकूण दोन हजार.

मी म्हटले, "बस इथे. तुझे पाचशे रुपये जास्त झालेत. का ते तूच मोज."

नियम असा आहे. मुख्यालयाबाहेर किती तास होतो हे मोजायचे, पण निघाल्यापासून परत येईपर्यंत सलग नाही, तर मध्यरात्र ते मध्यरात्र. प्रत्येक तारखेचा हिशेब निराळा. त्या तारखेला सहा तासांपेक्षा कमी बाहेर असाल तर भत्त्याच्या ३० टक्के. सहा ते बारा तास बाहेर असाल तर ७० टक्के. बारा तासांहून जास्त असाल तर पूर्ण.

आता सोमवार घ्या. गाडी सुटली ८.४० ला. मध्यरात्रीपर्यंत झाले तीन तास वीस मिनिटे. सहाच्या आत, म्हणून पाचशेचे ३० टक्के, दीडशे रुपये. मंगळवार पूर्ण, पाचशे. बुधवारही मध्यरात्रीपर्यंत बाहेरच, पाचशे. गुरुवारी मध्यरात्रीपासून सकाळी ७.२० पर्यंत सात तास वीस मिनिटे; सहाच्या वर, बाराच्या आत, म्हणून ७० टक्के, साडेतीनशे. एकूण दीड हजार.

मुलगा म्हणाला, "मॅडम, गाडी दीड तास आधी आली असती तर?"

बरोबर जागी बोट ठेवले होते त्याने. ५.५० ला गाडी आली असती तर गुरुवारचे सहा तास भरले नसते आणि साडेतीनशेचे दीडशे झाले असते. उलट गाडी रखडून दुपारी साडेबाराला आली असती तर पाचशे मिळाले असते. दौऱ्याच्या भत्त्यात सहा आणि बारा या दोन काट्यांना फार किंमत आहे. बिलात बदल करायचा मोह होतो तोही इथेच. सकाळी पावणेसहाला आलेली गाडी बिलात सव्वासहाला येते! पण गाडी केव्हा आली याची नोंद रेल्वेकडे असते, आणि त्याच गाडीने आलेल्या दुसऱ्या कोणाचे तरी बिल तपासणाऱ्याच्या टेबलावर असते. दोन बिलांत एकाच गाडीच्या दोन वेळा दिसल्या की पुढे काही विचारावे लागत नाही.

सहायकांचा प्रवास याच गाड्यांनी झाला होता. त्यांचा दर आठशेचा, म्हणून त्यांचे दोनशे चाळीस, आठशे, आठशे आणि पाचशे साठ, असे चोवीसशे रुपये झाले. मग अधिकाऱ्यांचे बिल आले. ते मंगळवारी पहाटेच्या विमानाने गेले आणि बुधवारी रात्रीच्या विमानाने परतले. दोन तारखा, दोन्ही दिवशी बारा तासांहून जास्त, दर नऊशेचा: एकूण अठराशे.

सहायक माझ्या खांद्यावरून डोकावत होते. "मॅडम, साहेबांपेक्षा मला सहाशे जास्त? काही चुकलं तर नाही ना?"

चुकले काहीच नव्हते. वरचा दर म्हणजे वरची रक्कम, असे दरवेळी होत नाही. साहेब लवकर घरी पोचले. हे दोघे दोन रात्री गाडीत होते. भत्ता दर्जाचा असला तरी मोजला जातो घड्याळाने.

जेवणाचे झाले. आता राहण्याचे पाहू. या ठिकाणी मात्र बिनपावतीचा सुखाचा कारभार नाही, आणि खालच्या श्रेणीच्या माणसाचे खरे नुकसान होते ते इथेच.

लेव्हल ८ पर्यंतच्या कर्मचाऱ्यांना एक सवलत आहे. मर्यादेच्या आतला राहण्याचा खर्च पावतीशिवाय, स्वतःच्या सहीच्या दाखल्यावर मिळतो. किती दिवस राहिलो आणि कुठे राहिलो, ठिकाणाच्या नावासह, एवढे लिहून द्यायचे. टॅक्सी-रिक्षाच्या खर्चाचेही तसेच. तिथे प्रवासाची तारीख आणि गाडीचा नंबर लिहायचा. म्हणजे लेव्हल १ च्या मुलाला मुंबईत पावती नसतानाही लॉजसाठी ४५० रुपयांपर्यंत मिळू शकत होते. आता मुंबईत साडेचारशेत खोली कुठे मिळते, हे मला विचारू नका!

हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक असावे, कारण मोठ्या शहरांसाठी त्यांनी निराळी सोय ठेवली आहे. केंद्राच्या वर्गवारीत 'एक्स' वर्गात आठ शहरे आहेत: दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद आणि पुणे. या आठ शहरांत लेव्हल ८ पर्यंतच्या प्रत्येकाची मर्यादा दिवसाला एक हजार रुपये. सहायकाचीही तीच आणि शिपायाचीही तीच. अट एकच: या सोयीसाठी पावती लागतेच. सहीचा दाखला चालत नाही.

आमच्या या दोघांनी दादरच्या एका लॉजमध्ये मिळून एक खोली घेतली. भाडे अठराशे. दोघांनी नऊशे-नऊशे दिले. शहाणपणाचाच व्यवहार. पण लॉजवाल्याने पावती केली एकच, सहायकांच्या नावाने, अठराशेची.

आता परिणाम बघा. सहायकांची मर्यादा हजाराची, म्हणून अठराशेच्या पावतीवर त्यांना मिळणार हजार. मुलाच्या नावावर पावतीच नाही, म्हणून तो सहीच्या दाखल्यावर उतरला. त्याला मिळणार साडेचारशे. दोघांचे मिळून साडेचौदाशे. खिशातून गेले अठराशे. साडेतीनशे रुपये कुठे गेले? चोरीला नाही, हरवले नाही. केवळ पावतीवर नाव कोणाचे लिहिले यात गेले. आणि दोघांत वाटणी कशी करायची हा वाद वेगळाच. सहायकाला नऊशे देऊन हजार मिळणार आणि मुलाला नऊशे देऊन साडेचारशे! यावरून चांगल्या मैत्रीत वितुष्ट आलेले मी पाहिले आहे.

मी बिल परत केले, कापले नाही. २००९ ची लाल शाई मी विसरले नव्हते. सहायकांना म्हटले, "लॉजवाल्याला फोन लावा. त्याच्या नोंदवहीत तुमच्या दोघांच्या सह्या असतील. जुनी पावती रद्द करून प्रत्येकी नऊशेच्या दोन पावत्या द्यायला सांगा." लॉजमध्ये उतरताना प्रत्येकाचे नाव आणि ओळखपत्र वहीत नोंदवलेले असते, त्यामुळे खरे राहिलेल्या माणसाला अशी पावती मिळायला अडचण येत नाही. आठ दिवसांत कुरिअरने दोन पावत्या आल्या. दोघांचे नऊशे-नऊशे पूर्ण पास झाले.

अशी दुरुस्ती करायला वेळ हवा आणि इथेच दुसरा काटा टोचतो. पूर्वी दौऱ्याचे बिल टाकायला एक वर्षाची मुदत असे. मार्च २०१८ मध्ये ती साठ दिवसांवर आली. दौरा संपल्यापासून साठ दिवसांत बिल पोचले पाहिजे. त्यातून अ‍ॅडव्हान्स घेतला असेल तर हिशेब आणि उरलेली रक्कम पंधरा दिवसांतच द्यायची असते. 'दिवाळीनंतर बघू' म्हणणाऱ्यांचे हक्काचे पैसे गेलेले मी स्वतः पाहिले आहेत. त्यात लबाड कोणीच नव्हते, आळशीही फारसे नव्हते. पावत्यांचे पाकीट कपाटात कुठल्या तरी कपड्यांखाली गेले होते, इतकेच.

आता सुरुवातीला सांगितलेले दोन डीएंचे नाते. २०१७ च्या आदेशातच एक तरतूद आहे. पगारातला महागाई भत्ता पन्नास टक्क्यांनी वाढला की जेवणाचा एकरकमी भत्ता आणि हॉटेलची मर्यादा पंचवीस टक्क्यांनी वाढते. १ जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर पोचला. त्या हिशेबाने लेव्हल ५ पर्यंतचा जेवणाचा भत्ता पाचशेचा सव्वासहाशे झाला, सर्वांत वरचा बाराशेचा पंधराशे झाला, आणि मोठ्या शहरांतली पावतीची मर्यादा हजाराची साडेबाराशे झाली. त्या मुलाचा तोच दौरा या दराने धरला तर दीड हजारांचे अठराशे पंचाहत्तर होतील.

नीट पाहिले तर यात एक त्रुटी आहे. महागाई वर्षातून दोनदा मोजली जाते आणि पगारातला भत्ता त्याप्रमाणे थोडा थोडा वाढत जातो. दौऱ्याचा दर मात्र पन्नास टक्क्यांची पायरी येईपर्यंत जागचा हलत नाही. २०१७ चा आकडा २०२३ च्या अखेरीपर्यंत तसाच होता. आणि पायरी आली तरी वाढ महागाईच्या निम्मीच. म्हणजे वेतन आयोगानंतरच्या पहिल्या वर्षी दौऱ्यावर जाणारा आणि सहाव्या वर्षी जाणारा, दोघांना मिळते तेवढेच, पण दुसऱ्याच्या ताटात कमी येते. आठवा वेतन आयोग २०२५ मध्ये नेमला गेला आहे. त्याचे आकडे हाती आले की घरोघर पहिली नजर पगाराच्या तक्त्याकडे जाईल. ज्यांच्या घरचे माणूस वरचेवर दौऱ्यावर असते त्यांनी हे पानही उघडून पाहावे: जेवणाला बिल लागणार की नाही, आणि खालच्या श्रेणीला राहण्याची मर्यादा किती.

तोवर एक साधी गोष्ट करता येते. दौऱ्यावर निघणाऱ्याच्या पिशवीत डब्याबरोबर एक छोटी वही टाका. गाडी सुटल्याची वेळ, पोचल्याची वेळ, टॅक्सीचा नंबर आणि लॉजचे नाव, एवढे त्याच वेळी लिहिले की पुरे. आणि लॉज सोडताना पावतीवर आपले स्वतःचे नाव आहे ना, हे काउंटरवरच पाहायचे. बाहेर आल्यावर नाही.

त्या मुलाचे पैसे महिनाभरात खात्यात जमा झाले. मी सहज विचारले, "दीड हजारांतले जेवणावर किती गेले?"

तो जरा लाजला. म्हणाला, "चारशे-साडेचारशे गेले असतील. आईने दशम्या दिल्या होत्या, मॅडम. बाकीचे तिलाच दिले." मग घाईने पुढे म्हणाला, "चालते ना? बिल वगैरे काही नाही माझ्याकडे."

मी म्हटले, "चालते. दशम्यांचं बिल कोणी मागत नाही आता."

मामा तेव्हा निवृत्त होऊन चार-पाच वर्षे झाली होती. ते वाक्य खरे तर त्यांना ऐकवायचे होते.